मंगळवारी आलेलं दुखणं

तुमचं डोकं आयुष्यात कुठल्या दिवशी दुखायला लागलं, हे तुम्ही सांगू शकता का? वार, वेळ, त्या क्षणी हातात काय होतं, हे सगळं?

माझी ताई सांगू शकते. पोळ्याच्या आधीचा मंगळवार. तिसरा तास. पाचवीचा वर्ग, गणित. फळ्यावर तीन छेद चार लिहीत होती. तीन लिहून झाला, आडवी रेघ ओढली आणि चार लिहिताना डाव्या कानाच्या वर काहीतरी दाबल्यासारखं झालं. तिनं खडू ठेवला नाही. शाळा सुटेपर्यंत ते पूर्ण डोक्यावर पसरलं. घरी येऊन चहा घेतला, झोपली, बुधवारी उठली तर ते होतंच. हे लिहितोय तेव्हा तिसरा पोळा होऊन गेलाय. ते अजून आहे. मधे एक तासही गेलेलं नाही.

आम्ही भोकरदनचे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी उमेदीची वर्षं एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवली आणि खिळे गेल्यावर प्रुफं तपासण्यात. आमच्या घरात लग्नपत्रिका कमी आणि पत्रकं जास्त यायची. चौदा एप्रिलची, चौदा ऑक्टोबरची, गायरानाची, वसतिगृहाची, बुवाबाजीविरुद्धची. मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. जेवताना ताटाखाली पत्रक, वहीला कव्हर पत्रकाचं. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः लिहायला लागलो आणि गावोगाव जाऊन जिभेवर कापूर जाळून दाखवायला लागलो. समोर कुणी अंगात आल्याचं सांगितलं की आमचं एकच वाक्य असायचं. पुरावा दाखव.

अण्णांचा पत्रकं लिहिण्याचा एक नियम होता. मजकूर झाला की ते लाल पेन घेऊन बसायचे आणि ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘सतत’, ‘कधीच नाही’ असे शब्द शोधून खोडायचे. म्हणायचे, "समोरचा हाच शब्द धरतो. एक दिवस जरी सुटला तरी अख्खं पत्रक खोटं ठरतं. त्याच्या हातात दोरी देऊ नको." मी हा नियम दहा वर्षं पाळला. आमची पत्रकं कुणाला खोटी पाडता आली नाहीत याचा मला गर्व होता. या गर्वाचं काय झालं ते सांगायला बसलोय.

ताई एका खाजगी संस्थेच्या अनुदानित शाळेत शिक्षणसेवक होती. तीन वर्षं मानधनावर काम करायचं, संस्थेनं काम समाधानकारक म्हटलं की कायम व्हायचं. दुखणं आलं तेव्हा तिचं तिसरं वर्ष सुरू झालं होतं. आमच्या घराण्यातली कायम होणारी ती पहिली बाई ठरणार होती. पणाला एवढंच लागलेलं होतं, पण आमच्यासाठी ते थोडं नव्हतं.

पहिला महिनाभर कुणी मनावर घेतलं नाही. चष्म्याचा नंबर निघाला, इतका बारीक की डोळ्यांचे डॉक्टर स्वतःच हसले. सायनस म्हणून वाफ झाली. ॲसिडिटी म्हणून मिरची बंद झाली. मेडिकलवाला ओळखीचा. ताई दारात दिसली की तो न विचारता गोळ्यांची पट्टी काढायचा. शहागडची आत्या आली आणि तिनं ताईचा चेहरा पाहूनच निदान केलं.

"नजर हाय. बिलकुल नजर हाय. माझ्यासंगं एक रोज चल पोरी, एक म्हातारा हाय, फक्त फुंकर मारतो."

मी म्हणालो, "आत्या, फुंकर मारून चूल पेटती, डोकं न्हाई."

"तुला काय कळतंय? तू कापूर खातो."

"खात नाही, जाळतो."

"तेच ते. मंग लगीन करा हिचं. लगीन झालं का उतरतंय."

ताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिथूनच म्हणाली, "आत्या, लगीन झाल्यावर तुझं उतरलं का गं?" आत्याही हसली. ताईचं हे हसवणं आम्हाला फसवायचं. हसते म्हणजे फार दुखत नसणार, असा आमचा हिशेब.

दिवाळीच्या सुट्टीत जालन्याला तिच्या डोक्याचा एमआरआय काढला. अण्णांनी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण प्रूफ पाहावं तसे ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहत राहिले. खालच्या कागदावर लिहिलेलं होतं की सर्व काही सामान्य. आई रडली, आनंदानं. गाठ नव्हती. मीही खूश झालो आणि खुशीत म्हणालो, "बघ ताई, तुझ्या डोक्यात काही नाहीये."

"मंग दुखून काय राह्यलंय?" एवढंच तिनं विचारलं.

उत्तर नसलं की माणूस वाईट वागतो. त्या दिवसापासून मी तिला मनातल्या मनात वेगळ्या रांगेत उभं केलं. ज्यांना मी पुरावा मागत आलो त्यांच्या रांगेत. अंगात आलेल्या बाईचा दावा आणि माझ्या बहिणीचं दुखणं, दोन्हीला पुरावा नव्हता. मला वाटायचं, शाळेचा ताण असेल, तिसऱ्या वर्षाची भीती असेल. हे मी कधी तोंडानं बोललो नाही. मी ते लिहिलं.

जालन्यात एका मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली. गर्दी फार असते, तेव्हा दुखण्याची माहिती एका पानावर लिहून न्या, असं कुणीतरी सुचवलं. घरात लिहिणारा मी. ताई बोलत गेली, मी उतरवत गेलो. ती म्हणाली, "मंगळवारपासून सतत दुखतंय. एक मिनिट थांबलेलं न्हाई." मी तसंच लिहिलं. मग ताई चहा ठेवायला आत गेली आणि मी सवयीनं पान पुन्हा वाचलं. ‘सतत’ डोळ्यात खुपला. सतत कसं? झोपेत काय करते? डॉक्टर म्हणेल, बाई वाढवून सांगतात. मला तिला खरं ठरवायचं होतं, हेही खरं आहे. मी तो शब्द खोडला आणि ‘अधूनमधून, वारंवार’ असं लिहिलं. मंगळवारही काढला. ‘साधारण ऑगस्टपासून’ केलं, कारण मला ते जास्त समंजस वाटलं. मग पान टाइप करून तीन प्रती काढल्या.

डॉक्टरांनी पान वाचलं, ताईला दोन प्रश्न विचारले. तिनं "हो, तसंच" म्हटलं, कारण तिला वाटलं पानावर तिचेच शब्द आहेत. पानावर अधूनमधून येणारं दुखणं होतं, उजेडाचा त्रास होता, मळमळ होती. त्यांनी अर्धशिशी धरली. त्या पानावरून दुसरं कुणीही तेच धरलं असतं. गोळी दिली आणि सांगितलं, "दुखायला लागलं की लगेच घ्यायची, उशीर करायचा नाही."

बाहेर आल्यावर ताई चिठ्ठी हातात धरून उभी राहिली. "दुखायला लागलं की? ते थांबलंय कुठं, पुन्हा लागायला?"

मी म्हणालो, "सकाळी उठल्यावर घेत जा."

ती रोज सकाळी घ्यायला लागली. मग रोज दोन. वर मेडिकलवाल्याची पट्टी होतीच. संक्रांत आली तेव्हा तिचं डोकं पहिल्यापेक्षा जड झालं होतं. गोळी उतरायच्या वेळेला, पहाटे, ते घणासारखं पडायचं. ती वर्गात खुर्चीवर बसून शिकवायला लागली. मुलांना हळू पाढे म्हणायला लावायची. मुख्याध्यापकांनी दोनदा समज दिली. शेवटी तिनं वैद्यकीय रजेचा अर्ज केला आणि मी अर्जाला माझं पान जोडलं. तिसरी प्रत शिल्लकच होती.

संस्थेच्या सचिवांनी तिला बोलावलं. मी सोबत गेलो. टेबलावर अर्ज होता, एमआरआयचा कागद होता आणि माझं पान होतं. त्यांनी माझ्या पानावर बोट ठेवलं.

"मॅडम, इथं अधूनमधून लिहिलंय. अधूनमधून तर माझंबी दुखतं. मी संस्था बंद ठेवतो का?"

बाजूचा कारकून हसला. ताईनं पान उचललं. ती ते पहिल्यांदा नीट वाचत होती, हे मला तेव्हा समजलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पान खाली ठेवलं, म्हणाली, "सर, माझं रोजच दुखतंय."

"मंग तुमच्याच कागदावर असं का?"

रजा मिळाली नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. अर्धा रस्ता गेला. मग म्हणाली, "तुला वाटलं मी खोटं सांगून राह्यले."

मी म्हणालो, "मला वाटलं त्यांना वाटेल."

"त्यांना काय वाटायचं ते वाटू द्यायचं होतं ना. शब्द माझा होता."

फेब्रुवारीत छत्रपती संभाजीनगरला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. सरकारी दवाखाना, व्हरांड्यात जमिनीवर बसलेली रांग. डॉक्टरबाई वयानं ताईएवढ्याच असाव्यात. मी फाइल पुढे केली आणि बोलायला सुरुवात केली. त्यांनी फाइल उघडलीच नाही.

"तुम्ही कोण?"

"भाऊ."

"डोकं तुमचं दुखतं का?"

"नाही."

"मग जरा थांबा." त्या ताईकडे वळल्या. "कधीपासून दुखतंय?"

"पोळ्याच्या आधीच्या मंगळवारपासून. तिसऱ्या तासाला."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "दिवस आठवतो?"

"वेळ पण आठवती. सव्वाबारा."

"त्याआधी कधी असं दुखायचं?"

"न्हाई. परीक्षेच्या टायमाला जरासं, तेवढंच."

"त्या दिवसानंतर एकदम मोकळं, असं किती वेळा वाटलं?"

"एकदाबी न्हाई."

"सकाळी जाग येते तेव्हा?"

"माझ्या आधी तेच उठून बसलेलं असतं."

आणखी पुष्कळ विचारलं. त्याआधी ताप आला होता का? आला होता, तीन आठवडे आधी, चार दिवस. डोक्याला मार? नाही. आडवं झाल्यावर कमी होतं की वाढतं? खोकल्यावर? दिसायला अंधुक? मग विचारलं, गोळ्या किती? ताईनं पर्समधून पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. रिकाम्याही ठेवल्या होत्या तिनं. डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फाइल उघडून माझं पान वाचलं.

"हे ‘अधूनमधून’ कुणी लिहिलं?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "या दुखण्याला रक्ताची तपासणी नाही. फोटोत ते दिसत नाही. ओळखायची खूण एकच. पेशंट सांगतो की अमुक दिवशी सुरू झालं, एका दिवसात कायमचं बसलं आणि गेलं नाही. तीच खूण तुम्ही पुसली."

ताईला त्यांनी नाव सांगितलं. न्यू डेली पर्सिस्टंट हेडेक. नवं, रोजचं, चिकटून बसलेलं. पण ते नाव पक्कं करायच्या आधी त्याच्यासारखी दिसणारी दुसरी दुखणी नाहीत ना, हे पाहावं लागतं, म्हणाल्या. मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली तर असंच दुखतं. कण्यातलं पाणी कुठून गळत असेल तर दाब कमी होऊन दुखतं. दाब वाढला तरी दुखतं. यांना इलाज आहे, म्हणून आधी ती शोधायची. ताईला दाखल केलं. शिरांचा वेगळा एमआरआय झाला. डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा पाहिला. पाठीत सुई घालून पाण्याचा दाब मोजला. सुईनंतर दोन दिवस ती उठून बसली की डोकं फार दुखायचं, आडवी झाली की कमी व्हायचं. आई घाबरली. ताई म्हणाली, "आई, हे येगळं हाय. हे पाव्हणं हाय, जाईल." आणि खरंच गेलं. घरातलं राहिलं.

सगळं सामान्य निघालं. या वेळी कुणी खूश झालं नाही. सामान्य या शब्दाचा अर्थ आता आम्हाला कळला होता.

डॉक्टरबाईंनी गोळ्या बंद केल्या. रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीच दुसरी डोकेदुखी चढते, पहिलीच्या अंगावर, असं त्या म्हणाल्या. ते पहिले दहा-बारा दिवस मी विसरणार नाही. ताई उलट्या करायची, चादर तोंडात धरायची, एकदा तिनं मेडिकलवाल्याला फोन लावला आणि मी तो हिसकावला. तिसऱ्या आठवड्यात पहाटेचा घण थांबला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत बसलो.

"वरचं गेलं," ती म्हणाली. "खालचं हाय."

मी तिच्या माघारी डॉक्टरबाईंना विचारलं की याला औषध काय. पत्रकवाल्याच्या थाटात विचारलं, जणू त्या लपवून ठेवत होत्या. त्यांनी सरळ सांगितलं. "यासाठी म्हणून बनवलेलं औषध नाही. हे कशानं होतं ते कळलेलं नाही. काहींना तापानंतर होतं, काहींना ऑपरेशननंतर, काहींना कशानंच नाही. कारण माहीत नाही तर नेम कुठं धरायचा? म्हणून दुखणं अर्धशिशीसारखं वागत असेल तर अर्धशिशीची औषधं उसनी घेतो, नसेल तर दुसरी. नीट मोठे अभ्यास फार कमी झालेत. कुणाचं काही महिन्यांनी, काही वर्षांनी आपोआप जातं. कुणाचं राहतं. तुमच्या बहिणीचं कोणतं, हे मला माहीत नाही. मी प्रयत्न करीन."

"मला माहीत नाही" असं म्हणणारी अधिकाराची व्यक्ती मी पहिल्यांदा पाहिली. माझ्या एकाही पत्रकात ते वाक्य नव्हतं.

मग प्रयत्न सुरू झाले. पहिल्या गोळीनं तोंड कोरडं पडलं, ती दिवसभर पेंगायची, दुखणं तसंच. दुसरीनं बोटांत मुंग्या आल्या आणि शब्द हरवायला लागले. एकदा वर्गात तिला ‘छेद’ हा शब्द आठवेना. खालचा, खालचा, म्हणत राहिली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं शब्द दिला. घरी येऊन ताई म्हणाली, "डोकं दुखलेलं चालंल मला, मास्तरीण मुकी नको," आणि ती गोळी बंद करून घेतली. डोक्याच्या मागच्या नसेजवळ इंजेक्शन दिलं. आठ दिवस दुखणं अर्ध्यावर आलं. त्या आठ दिवसांत तिनं आईच्या केसांना तेल लावलं, अण्णांशी भांडली, मोठ्यानं गाणी ऐकली. नवव्या दिवशी दुपारी रेडिओ बंद केला.

त्यानंतर पुन्हा दिलेल्या इंजेक्शननं काहीच झालं नाही. तेही का, हे कुणाला सांगता आलं नाही.

मे महिन्यात संस्थेनं तिचं काम असमाधानकारक ठरवलं आणि तिला कमी केलं. गैरहजेरी, बसून शिकवणं, आणि ‘किरकोळ कारणासाठी रजेचा आग्रह’. मी डॉक्टरबाईंचं प्रमाणपत्र घेऊन सचिवांकडे गेलो. ते म्हणाले, "आता कसं सतत झालं? पहिल्या कागदात न्हवतं." मी तिथंच बसून स्वतःच्या हातानं लिहून दिलं की तो शब्द माझ्या बहिणीचा होता, मी तिला न विचारता बदलला, पहिला कागद चुकीचा आहे. खाली सही केली. मी आजवर एकही पत्रक मागं घेतलं नव्हतं. सचिवांनी वाचलं आणि म्हणाले, "भाऊच हाय तुम्ही. भाऊ बहिणीसाठी लिहिणारच."

आता नोकरीसाठी शाळा न्यायाधिकरणात अपील चालू आहे. समोरच्या वकिलांनी माझं टाइप केलेलं पान जोडलंय. मागच्या तारखेला त्यांनी ते वाचून दाखवलं. किती नेटकं होतं ते पान! एकही शब्द जास्त नव्हता. अण्णा माझ्या शेजारी बसले होते, मान खाली घालून. बाहेर आल्यावर म्हणाले, "नियम माझा होता." ताई म्हणाली, "अण्णा, नियम बराबर हाय. पण तो भांडणाचा हाय. दुखण्याचा न्हाई."

ती सध्या घरी चार मुलींना गणित शिकवते. खिडकीला जाड पडदा लावून. औषध एकच चालू आहे, थोडी झोप लागते त्यानं. दर तीन महिन्यांनी संभाजीनगरला जातो. मी आत जातो, पण बोलत नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच. कधीतरी तुम्हीही कुणाला तरी घेऊन दवाखान्यात जाल. बायकोला, बहिणीला, म्हाताऱ्या आईला. डॉक्टर विचारतील, काय होतंय? तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका. खुर्ची मागं ओढा, गप्प बसा आणि जिचं दुखतंय तिला सांगू द्या. लिहून न्यायचं असेल तर ती म्हणेल तसंच लिहा, निघण्याआधी तिला वाचून दाखवा आणि तिनं हो म्हटल्याशिवाय एकही शब्द खोडू नका.